कॅशलेस नाकारली, मग आता भरायचे किती? एका बिल-खुलाशाच्या पत्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं हे खासगी रुग्णालय. मी तिथलं बिलिंग आणि विम्याचं काम बघतो. रुग्ण आणि गाव ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण आकड्यांचं आपसातलं गणित आणि घडलेला क्रम तसाच ठेवला आहे.

रुग्ण साठीतले शेतकरी. दिवाळी होऊन कापसाची पहिली वेचणी सुरू होती. रात्री जेवून उठताना उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचा गेली. साळा आणि शेजारी त्यांना गाडीत घालून आमच्याकडे घेऊन आले. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याचं दिसलं; आपल्याकडे ज्याला लकवा मारला म्हणतात तेच. चार दिवस आयसीयू आणि तीन दिवस वॉर्ड, असे सात दिवस ते भरती होते.

मुलगा चाकणला कारखान्यात कामाला. त्यानं 26 महिन्यांपूर्वी आई-वडिलांसह पाच लाखांची आरोग्य पॉलिसी काढली होती. तो दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला आणि कार्ड दिलं. आम्ही कॅशलेससाठी पूर्वमंजुरीचा अर्ज पाठवला, तेव्हा विमा कंपनीच्या वतीनं दावे तपासणाऱ्या संस्थेनं, म्हणजे टीपीएनं, 40,000 रुपयांची सुरुवातीची मंजुरी दिली. भरतीच्या वेळी साळ्यानं 20,000 रुपये अनामत भरली होती, ती जमा होती. इथपर्यंत सगळं नेहमीसारखं चाललं होतं.

कॅशलेस कशी फिसकटली

खर्च 40,000 च्या पुढे जाणार हे दिसल्यावर चौथ्या दिवशी वाढीव मंजुरी मागितली आणि सोबत आयसीयूचे केस पेपर जोडले. त्यातल्या पहिल्या पानावर, भरतीच्या रात्री ड्युटीवरच्या डॉक्टरांनी लिहिलेली एक ओळ होती: पाच वर्षांपासून बीपीचा त्रास. पॉलिसी मात्र सव्वादोन वर्षांची. मुलानं भरलेल्या प्रस्ताव अर्जात वडिलांच्या बीपीचा उल्लेख नव्हता.

टीपीएनं लगेच शंका काढली: बीपी नेमकी कधीपासून, पहिल्या तपासणीचे कागद द्या, डॉक्टरांचं प्रमाणपत्र द्या. आमच्या डेस्कवरून दुसऱ्या दिवशी एका ओळीचं उत्तर गेलं, ‘केस पेपरमधील माहितीनुसार’. कंपनीनं ज्या कागदावर बोट ठेवलं होतं, त्याच कागदाचा हवाला तिला परत मिळाला. रुग्णाला घरी सोडायच्या दिवशी सकाळी अंतिम बिल पाठवलं आणि दुपारी उत्तर आलं: कॅशलेस नामंजूर, आधी दिलेली 40,000 ची मंजुरीही मागे. कारण असं की प्रस्ताव अर्जात उच्च रक्तदाब नमूद नाही आणि आजार किती जुना हे या टप्प्यावर निश्चित होत नाही. शेवटची ओळ होती की विमाधारकानं उपचारांचे कागद सादर करून प्रतिपूर्तीचा दावा करावा.

ही शेवटची ओळ या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे, आणि बहुतेक वेळा कुटुंबापर्यंत तीच पोचत नाही. कंपनीनं रुग्णालयाला थेट पैसे द्यायला नकार दिला होता. कुटुंबानं आधी स्वतः भरून नंतर मागितलेले पैसे द्यायचे की नाही, यावर तिनं अजून काहीच ठरवलं नव्हतं.

पहिला मसुदा

बिलिंगच्या काउंटरवर मुलगा उभा राहिला तेव्हा त्याचा पहिला प्रश्न हाच होता: ‘ताई, म्या दर वर्षी हप्ता भरला नं? मंग आता पैसे काऊन भराचे?’ काउंटरवरच्या ताईंकडे त्याचं तोंडी उत्तर होतं, पण मुलाला ते लेखी हवं होतं. मागणी रास्त होती, कारण पैसे उसने घ्यायला गेलं की देणारा पहिल्यांदा कागद मागतो. ताईंनी जुना नमुना काढून मसुदा केला. त्यातला मधला भाग असा होता:

‘आपण पॉलिसी घेताना पूर्वीचा आजार लपविल्यामुळे आपला क्लेम विमा कंपनीने नाकारला आहे. तरी आपण एकूण देय रक्कम रु. 1,24,900 तात्काळ भरावी. रक्कम भरल्याशिवाय रुग्णास सुट्टी देण्यात येणार नाही याची नोंद घ्यावी.’

पत्र माझ्याकडे सहीला आलं. तीन वाक्यं, आणि तिन्हींत काहीतरी चुकलेलं.

काय-काय पर्याय होते

पहिलं वाक्य. ‘आजार लपविल्यामुळे’ असं कंपनीनंही म्हटलं नव्हतं. तिनं एवढंच म्हटलं की अर्जात नमूद नाही आणि काळ निश्चित होत नाही. आमच्या लेटरहेडवर ‘लपविला’ असं छापून गेलं असतं तर पुढे प्रतिपूर्तीच्या फाईलमध्ये तेच पत्र कुटुंबाच्या विरोधात पुरावा म्हणून बसलं असतं. शिवाय ‘क्लेम नाकारला’ हे वाचून मुलगा पुढे दावाच करणार नाही, ही भीती वेगळी. आमच्या भागात अशी माणसं मी पाहिली आहेत, ज्यांनी नकाराचं पत्र कपाटात ठेवलं आणि मुदत निघून गेली.

इथे मालक डॉक्टरांचं म्हणणं असं होतं की कारण लिहूच नका, फक्त रक्कम लिहा. विम्याचं काय ते त्यांनी कंपनीशी बघावं. त्यातही एक शहाणपण आहे. रुग्णालयानं कारणाचा अर्थ लावायला बसू नये, हे खरं. पण कारणच न सांगितल्यास कुटुंबाला वाटतं की हे पैसे रुग्णालयानं लावले. शेवटी मधला रस्ता निघाला: कंपनीचं कारण तिच्याच शब्दांच्या जवळ राहून सांगायचं, मूळ पत्राची प्रत जोडायची आणि आपलं मत घालायचं नाही.

दुसरं वाक्य, म्हणजे आकडा. 1,24,900 कुठून आला ते शोधायला संगणकासमोर बसावं लागलं. आधी मुलाला दाखवलेल्या बिलात एकूण 1,30,600 होते. मसुद्यातलं एकूण 1,44,900 निघालं. कॅशलेस रद्द झाल्याची नोंद केल्याबरोबर आमच्या सॉफ्टवेअरनं रुग्णाला ‘विमा’ गटातून ‘सर्वसाधारण’ गटात टाकलं होतं. विमा कंपनीशी करार केलेला आयसीयूचा दर दिवसाला 7,000, सर्वसाधारण 9,000. वॉर्डचा 2,200 ऐवजी 2,800. डॉक्टरांच्या भेटींचे मिळून 4,500 वाढले. असा 14,300 रुपयांचा फरक एका क्लिकवर पडला होता. शिवाय वॉर्डातून परत आलेल्या 2,150 रुपयांच्या औषधांची वजावट फार्मसीनं अजून चढवलीच नव्हती.

मालक डॉक्टरांच्या मते सर्वसाधारण दर लावणं चुकीचं नव्हतं. करारातली सवलत कंपनी थेट पैसे देते म्हणून असते, कंपनी देत नाही तर सवलत कशाला? हिशेबाच्या बाजूनं हे पटण्यासारखं आहे. पण दोन अडचणी होत्या. मुलानं आधीचं बिल पाहिलं होतं, मोबाईलमध्ये फोटोही काढला होता. आणि वाढीव मंजुरीसोबत कमी दराचं बिल कंपनीकडे आधीच गेलेलं होतं. एकाच भरतीची दोन दरांची दोन बिलं कंपनीच्या टेबलावर आली, की प्रतिपूर्तीच्या वेळी पहिली शंका तीच निघते आणि जादाचे पैसे हमखास कापले जातात. म्हणजे तो फरक शेवटी कुटुंबाच्याच खिशातून गेला असता. हे मांडल्यावर डॉक्टरांनी ‘या पेशंटपुरतं’ म्हणून कराराचे दर ठेवायला होकार दिला.

तिसरं वाक्य तर काढायलाच हवं होतं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत बिलाचा वाद आहे म्हणून रुग्णाला अडकवून ठेवता येत नाही, असं स्पष्ट आहे. आमच्या भिंतीवर सनद लावलेली आहे आणि त्याच भिंतीसमोर हे पत्र दिलं जाणार होतं. ताईंचा नाइलाजही समजून घ्यायला हवा. पैसे बुडाले की विचारणा त्यांनाच होते. म्हणून धमकी काढून तिच्या जागी हप्त्याची ठोस सोय लिहायचं ठरलं.

मधेच आलेली मागणी

आम्ही मसुद्यावर बसलो असताना मुलगा आणि त्याचे मामा आत आले. मामा, म्हणजे रात्री भरतीला आलेले साळे, सरळ म्हणाले, ‘साहेब, ते पाच वर्षं म्याच सांगतलं होतं. घाबरलो होतो जी. भाऊजीले बीपी कधीपासून हाय मले काय मालूम? तेवढं खोडून ‘आत्ताच निघाली’ असं लिहून द्या.’

असं कुणी म्हटलं की माणूस खोटारडा आहे असं समजायची घाई करू नये. बऱ्याचदा तो खरंच सांगत असतो. पण केस पेपर खोडता येत नाही. ज्या पानाची प्रत कंपनीकडे गेलेली आहे त्याच पानाची बदललेली प्रत नंतर गेली, तर सगळी फाईलच संशयात येते आणि डॉक्टरांची नोंदणीही धोक्यात येते.

करता येण्यासारखी गोष्ट वेगळी होती. फिजिशियननी एक प्रमाणपत्र लिहिलं: भरतीच्या वेळी रुग्ण बोलू शकत नव्हता, बीपीच्या कालावधीची माहिती सोबत आलेल्या नातेवाइकानं दिली, कालावधीबाबत रुग्णालयाकडे स्वतंत्र जुना कागद नाही. यातला प्रत्येक शब्द खरा होता. इकोमध्ये हृदयाची भिंत थोडी जाड दिसली होती, म्हणजे बीपी जुनी असण्याची शक्यता होती. डॉक्टरांनी ते दडवलं नाही, इकोचा अहवाल फाईलमध्ये राहिलाच. पण विमा नियामकाच्या व्याख्येत पूर्वीचा आजार म्हणजे पॉलिसीआधीच्या 36 महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला किंवा ज्यासाठी सल्ला अगर उपचार झालेला आजार. शरीरात असलेला, पण कुणालाच न कळलेला आजार त्यात बसत नाही. म्हणून प्रश्न एकाच ठिकाणी येऊन थांबत होता: बीपी पहिल्यांदा मोजून कुणी सांगितली, आणि केव्हा?

मी मुलाला विचारलं, ‘दादा, गोळ्या कुठून आणत होते?’ उत्तर आईनं दिलं: गावच्या उपकेंद्रातून, तिथल्या मॅडमनं कार्ड करून दिलं होतं.

पाठवलेलं पत्र

> विषय: कॅशलेस सुविधा नामंजूर झाल्याबाबत व भरावयाच्या रकमेबाबत खुलासा
>
> नमस्कार,
>
> तुमच्या वडिलांच्या उपचारांसाठी आम्ही कॅशलेसचा अर्ज केला होता. विमा कंपनीने आज कॅशलेस नामंजूर केली असून आधी दिलेली 40,000 रुपयांची मंजुरीही मागे घेतली आहे. त्यामुळे कंपनी रुग्णालयाला थेट पैसे देणार नाही आणि बिल तुम्हाला भरावे लागेल. कंपनीने तुमचा दावा कायमचा फेटाळलेला नाही. बिल भरल्यानंतर तुम्ही कंपनीकडे प्रतिपूर्तीचा दावा करू शकता. तो मंजूर करायचा की नाही हे कंपनी ठरवेल. त्याची हमी रुग्णालय देऊ शकत नाही.
>
> कंपनीने कळवलेले कारण: प्रस्ताव अर्जात उच्च रक्तदाब नमूद नाही व आजार किती जुना हे निश्चित होत नाही. कंपनीच्या पत्राची प्रत जोडली आहे.
>
> आज भरायची बाकी: रु. 1,08,450
>
> आयसीयू, 4 दिवस: 28,000
> वॉर्ड, 3 दिवस: 6,600
> डॉक्टरांच्या भेटी: 17,400
> सीटी, इको व इतर तपासण्या: 24,300
> औषधे: 38,650
> वापराचे साहित्य: 9,450
> नर्सिंग व फिजिओथेरपी: 6,200
> एकूण: 1,30,600
> परत आलेली औषधे वजा: 2,150
> निव्वळ बिल: 1,28,450
> तुम्ही भरलेली अनामत वजा: 20,000
>
> दर तुम्हाला आधी दाखवलेल्या बिलातीलच आहेत. कॅशलेस नाकारली म्हणून ते वाढवलेले नाहीत.
>
> सगळी रक्कम आज शक्य नसेल तर आज 60,000 आणि उरलेले 48,450 सुट्टीपासून 20 दिवसांच्या आत भरावेत. तुमच्या पॉलिसीप्रमाणे दाव्याचे कागद 30 दिवसांत द्यायचे आहेत आणि कंपनी फक्त भरलेल्या पावत्यांवर पैसे देते, म्हणून ही तारीख पाळणे तुमच्या फायद्याचे आहे. प्रत्येक पावती रुग्णाच्या नावाने घ्या. रक्कम बाकी असली तरी आजची सुट्टी अडणार नाही.
>
> दाव्यासाठी मूळ बिल, पावत्या, डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे अहवाल व डॉक्टरांचे प्रमाणपत्र आम्ही एकत्र देऊ. बीपी पहिल्यांदा केव्हा आढळली याचा जुना कागद तुमच्याकडे असेल तर तो जरूर जोडा. दावा नाकारला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत समाधान झाले नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते. त्यासाठी फी लागत नाही.

पत्रात नसलेल्या गोष्टींबद्दलही दोन शब्द. 40,000 ची मंजुरी जुन्या नमुन्यात आधी जमा आणि मग वजा अशी दोनदा दाखवली जायची. त्यातून ‘आमचे चाळीस हजार गेले कुठं’ हाच वाद उभा राहतो. ते पैसे कधी आलेच नव्हते, म्हणून हिशेबातून काढून फक्त मजकुरात ठेवले. ‘गैरसोयीबद्दल दिलगिरी’ हे नेहमीचं वाक्यही गाळलं. एक लाख आठ हजारांना गैरसोय म्हटलं तर ऐकणाऱ्याला राग येतो.

पत्र हातात देऊन भागणार नव्हतं. ताईंनी ते आईसमोर बसून मोठ्यानं वाचलं. ‘प्रतिपूर्ती’ शब्दापाशी आईचा चेहरा कोरा झाला, तेव्हा ताई म्हणाल्या, ‘काकू, आधी आपण भरायचे, मंग कंपनीकडून मागायचे.’ नंतर मुलानं एकच प्रश्न विचारला, आणि तो नेमका होता: पैसे कोणाच्या खात्यात येतील? पॉलिसी त्याच्या नावानं, म्हणून त्याच्याच खात्यात; रद्द केलेला चेकही त्याचाच लागणार होता. हे पत्रात नव्हतं. आता नमुन्यात घातलं आहे.

पुढे काय झालं

त्याच संध्याकाळी सुट्टी झाली. 60,000 भरले गेले, त्यातले बरेचसे उसने. उरलेले कापूस विकून मुदतीच्या आत आले.

उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे तपासणीच्या नोंदी निघाल्या. पॉलिसी घेण्याच्या थोडं आधी गावात झालेल्या तपासणीत बीपी 128/82 होती. 15 महिन्यांपूर्वी ती 160/100 भरली आणि तेव्हा गोळ्या सुरू झाल्या. सही-शिक्क्याची प्रत, डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि तिन्ही पावत्या मिळून 1,28,450 ची फाईल मुदतीत गेली. कंपनीनं आणखी एकदा शंका काढली, मग 1,17,200 मंजूर केले. वापराच्या साहित्याचे 9,450 कापले गेले, आणि ज्या तपासणीसोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडलेली नव्हती तिचे 1,800. साहित्याचे पैसे बहुतेक पॉलिसींत मिळत नाहीत. चिठ्ठीचे मात्र वाचले असते. उसन्या पैशांवरचं व्याज कोणत्याही दाव्यात बसत नाही, ते त्या घरानंच सोसलं.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठा बदल पत्राच्या कितीतरी आधी, भरतीच्या रात्रीच करता आला असता. माहिती कुणी दिली आणि त्याचं रुग्णाशी नातं काय, एवढ्या दोन गोष्टी केस पेपरवर असत्या तर ‘पाच वर्षं’ हे मामांच्या अंदाजाचं वाक्य म्हणूनच वाचलं गेलं असतं. आता ड्युटी डॉक्टर ते लिहितात. सगळेच दर वेळी लिहितात असं नाही. रात्री दोन वाजता आयसीयूत त्याची आठवण राहणं सोपं नाही.

दुसरा बदल टीपीएच्या शंकेला दिलेल्या उत्तराचा. शंका आली त्याच दिवशी आईला ‘गोळ्या कुठून आणता’ एवढं विचारलं असतं, तर उपकेंद्राचं कार्ड तीन दिवस आधी निघालं असतं. तेवढ्यानं कॅशलेस मिळालीच असती असं मी म्हणणार नाही, कारण इकोचा अहवाल कंपनीसमोर होताच. पण नकाराला ‘काळ निश्चित होत नाही’ हे कारण उरलं नसतं. आता शंका आली की डेस्कवरचा माणूस उत्तर टाइप करण्याआधी वॉर्डात जाऊन घरच्यांशी बोलतो.

दराचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. कॅशलेस नाकारली गेली की कराराचे दर ठेवायचे की सर्वसाधारण लावायचे, याचा आमच्याकडे अजून लेखी नियम नाही. मालक डॉक्टर म्हणतात की 14,300 चा फटका दर वेळी सोसता येणार नाही. माझं म्हणणं एवढंच की जो दर लावायचा तो भरतीच्याच दिवशी कॅशलेसच्या अर्जासोबत लिहून सांगावा. तोवर प्रत्येक नकाराच्या वेळी सॉफ्टवेअर आपोआप गट बदलतं आणि पत्र टाइप करण्याआधी तो गट हातानं परत फिरवावा लागतो.